डेकमधल्या हिडन आणि बॅकअप स्लाइड्स: मीटिंगला न आलेल्याला समरी पाठवताना काय घ्यायचं, काय सोडायचं

समरी लिहायला बसलं की फाइल उघडायची, पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत जायचं आणि मुद्दे उतरवायचे, असं बहुतेक जण करतात. फाइलमधल्या सगळ्या स्लाइड्स मीटिंगमध्ये दाखवल्या असतील तर हे चालतं, पण तसं फार कमी वेळा होतं. मधे कुठेतरी चार स्लाइड्स हाइड केलेल्या असतात, 'धन्यवाद'च्या स्लाइडनंतर सात-आठ बॅकअपच्या असतात, आणि मीटिंगला न आलेला माणूस समरी वाचून जे बोलायला लागतं ते हॉलमध्ये कुणी ऐकलेलंच नसतं. उलटंही होतं, म्हणजे खरी अट बॅकअपमध्ये असते, समरी लिहिणारा 'धन्यवाद'पाशी थांबतो आणि ती अट कुणापर्यंत पोचतच नाही.

मी इथे एकच केस घेतो कारण पुण्यात ती घरोघरी चालू आहे: सोसायटीचं रीडेव्हलपमेंट. कर्वेनगरातली जुनी बिल्डिंग समजा, बहुतेक फ्लॅट ४५० चौरस फूट कार्पेटचे. पीएमसीने म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने तीन बिल्डरांच्या ऑफरची तुलना दाखवली. काही मेंबर आले नाहीत, एक काकू नाशिकला मुलीकडे आहेत, एकाचा मुलगा अमेरिकेतून आईवडिलांच्या वतीने सगळं बघतो, आणि कमिटीने तुम्हाला सांगितलंय की 'जरा सगळ्यांना कळेल असं लिहून पाठव'. (केस आणि त्यातले आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या खऱ्या सोसायटीचे नाहीत.)

डेक ३१ स्लाइड्सचा. १ ते २२ मुख्य, २३ वर 'धन्यवाद, प्रश्नोत्तरं', २४ ते ३१ बॅकअप. हाइड केलेल्या चार: ९, १४, २० आणि २९.

आधी तीन प्रश्न वेगळे करा

स्लाइड हिडन आहे का, बॅकअपमधली आहे का, आणि दाखवली का? सगळा घोळ इथेच होतो. 'हिडन' ही फाइलमधली सेटिंग आहे, कुणीतरी थंबनेलवर राइट क्लिक करून `Hide Slide` केलं एवढाच त्याचा अर्थ. 'बॅकअप' हे सेटिंग नाही, ती जागा आहे, शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवलेला माल, विचारलं तर काढायचा. आणि 'दाखवली' ही घडलेली गोष्ट आहे, ती फाइलमध्ये कुठेच नोंदलेली नसते. हिडन स्लाइड दाखवलेली असू शकते, कारण प्रेझेंटेशन चालू असताना नंबर टाइप करून एंटर मारला की हिडन स्लाइडही उघडते. बॅकअपमधली स्लाइड बिलकुल हिडन नसते पण तिच्यापर्यंत कुणी गेलेलंच नसतं. आणि साध्या मुख्य स्लाइडवरून, उशीर झाला म्हणून, बोलणारा सटकन पुढे गेलेला असतो.

समरीत काय येणार हे मुख्यतः तिसऱ्या प्रश्नावर ठरतं. पहिले दोन त्यासाठीचे पुरावे.

पायरी १: मूळ फाइल मागा, पीडीएफ नको

पीडीएफमध्ये हिडन स्लाइड्स एकतर गायब असतात किंवा बाकीच्या पानांसारख्याच दिसतात, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट कारण हे पान हाइड केलेलं होतं अशी काही खूण तिथे उरत नाही. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये पीडीएफ करताना Options मध्ये `Include hidden slides` असा टिकबॉक्स असतो, तो कुणी कसा ठेवला होता हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. म्हणून `.pptx` मागा.

ती उघडली की डावीकडे थंबनेल बघा, हिडन स्लाइडच्या नंबरवर तिरकी रेघ असते आणि चित्र फिकट दिसतं. `Slide Sorter` मध्ये सगळं एकदम दिसतं, तिथे दोन मिनिटं घालवा आणि नंबर कागदावर लिहून घ्या. गुगल स्लाइड्समध्ये याच गोष्टीला `Skip slide` म्हणतात आणि थंबनेलवर कापलेल्या डोळ्याची खूण येते. `Outline View` मधून मजकूर कॉपी करून समरी लिहायची सवय असेल तर मात्र जपून, तिथे हिडन स्लाइड्सचा मजकूरही बाकीच्यांच्या रांगेतच येतो आणि पेस्ट केल्यावर काय कुठलं ते ओळखता येत नाही.

डेक शंभर-दीडशे स्लाइड्सचा असेल आणि पायथॉन येत असेल तर `python-pptx` टाकून एवढं चालवा, हिडन स्लाइड्सचे नंबर मिळतात:

```
from pptx import Presentation
prs = Presentation("deck.pptx")
for n, s in enumerate(prs.slides, 1):
    if s._element.get("show") == "0":
        print(n)
```

सोसायटीच्या डेकला याची काही गरज नाही, डोळे पुरतात.

पायरी २: काय दाखवलं ते शोधा

रेकॉर्डिंग असेल तर सोनं. रीडेव्हलपमेंटच्या बाबतीत ते असण्याची शक्यता बरी असते, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात बिल्डर निवडायच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलंय, आणि ती सवय लागल्यावर बऱ्याच कमिट्या आधीच्या मीटिंगांचंही करून ठेवतात. पूर्ण दोन तास बघायची गरज नाही. स्क्रीनवर स्लाइडच्या कोपऱ्यातला नंबर दिसतो, पुढे ढकलत ढकलत बघायचं आणि नंबरची साखळी लिहायची: ७, ८, १०, ११... आपल्या केसमध्ये ही साखळी २२ पर्यंत नीट गेली, मग २३ वर प्रश्न सुरू झाले, तिथून अचानक २०, परत २३, मग २६, परत २३, संपलं.

या साखळीतून दोन गोष्टी हातात आल्या. २० हिडन होती पण दाखवली, कुणीतरी विचारलं असणार 'घरं कधी रिकामी करायची' आणि पीएमसीने नंबर मारून टाइमलाइन काढली. आणि बॅकअपच्या आठांपैकी एकटी २६ दाखवली, पार्किंगची.

रेकॉर्डिंग नसेल तर हजर असलेल्या दोघांना वेगवेगळं विचारा. 'स्लाइड २० दाखवली का' असं विचारू नका, नंबर कुणाच्या लक्षात राहत नाही. 'टाइमलाइनचा चार्ट स्क्रीनवर आला होता का, की नुसतं तोंडी सांगितलं' असं विचारा. दोघांचं जुळलं तर घ्या, नाही जुळलं तर पीएमसीलाच फोन करा.

दाखवलं की नाही याची मी एक साधी चाचणी लावतो: नाशिकच्या काकू पुढच्या मीटिंगमध्ये उठून म्हणाल्या की 'हे तर मागच्या वेळी सांगितलं होतं', तर हॉलमधले लोक हो म्हणतील का? नाही म्हणणार असतील तर ते वाक्य समरीत 'सांगण्यात आलं' म्हणून जाऊ शकत नाही.

पायरी ३: हिडन स्लाइड कशासाठी हिडन आहे ते ओळखा

न दाखवलेल्या हिडन स्लाइड्स आपल्याकडे तीन उरल्या: ९, १४, २९. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि कारणाप्रमाणे वागायचं.

९ बघा. तिच्यावर तुलनेचा तोच तक्ता आहे जो १० वर आहे, फक्त दुसऱ्या बिल्डरच्या रकान्यात जादा कार्पेट २२ टक्के आहे आणि १० वर १८ टक्के. ४५० चौरस फुटाच्या फ्लॅटला २२ टक्के म्हणजे ९९ फूट जादा, १८ टक्के म्हणजे ८१. फरक १८ चौरस फुटांचा, आणि पुण्यात अठरा फुटांवरून लोक वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. एकसारखा आराखडा, शेजारी शेजारी नंबर, एखाद-दुसरा आकडा वेगळा, अशी जोडी दिसली की बहुधा एक जुनं व्हर्जन असतं. पण हिडन आहे म्हणजे तीच जुनी, असं धरून चालू नका. घाईत चुकीची स्लाइड हाइड होते आणि जुनीच स्क्रीनवर जाते, हेही घडतं. त्यामुळे एकच ओळीचा मेसेज पीएमसीला टाका:

'सर, स्लाइड ९ (हिडन) वर दुसऱ्या ऑफरला जादा कार्पेट २२% आहे, स्लाइड १० वर १८%. मेंबरना १८ कळवायचं ना? आणि २२ आधी कधी मेंबरना सांगितलं होतं का?'

यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. २२ कुणालाच सांगितलं नव्हतं, बिल्डरशी बोलणं चालू असतानाचा कच्चा आकडा होता, तर तो समरीत येत नाही, कंसातसुद्धा नाही. पण आधीच्या एखाद्या मीटिंगमध्ये २२ सांगून झालं असेल तर ९ सोडून देऊन नुसतं १८ लिहिणं बरोबर नाही, तिथे 'आधी २२ सांगितलं होतं, आता ऑफर १८ ची आहे' असं सरळ लिहायचं. आपल्या केसमध्ये उत्तर आलं की १८ पक्कं, २२ आतल्या चर्चेतलं. मग ९ बाहेर.

१४ नाजूक आहे. तिच्यावर पीएमसीने धरलेला विक्रीचा दर आणि त्यातून प्रत्येक बिल्डरला अंदाजे किती सुटेल याचा हिशोब आहे, वर लिहिलंय 'फक्त कमिटीसाठी'. तुमच्या हातात फाइल आली म्हणून हा हिशोब सगळ्या मेंबरना वाटायचा परवाना मिळाला असं होत नाही. बिल्डरशी घासाघीस चालू असताना हा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तर संध्याकाळपर्यंत बिल्डरच्या ऑफिसात पोचतो. आता कुणी म्हणेल, पीएमसीची फी सोसायटी देते, मेंबरांना हे कळायलाच हवं. म्हणणं रास्त असेल, पण तो वाद कमिटीपुढे न्यायचा, समरीतून गुपचूप मोकळा करायचा नाही. समरी लिहिणाऱ्याने दोन कामं करायची: मजकूर घ्यायचा नाही, आणि सेक्रेटरीला त्याच दिवशी सांगायचं की ही स्लाइड फाइलमध्ये आहे, म्हणून मूळ फाइल कुठे फॉरवर्ड करू नका.

२९ म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी सोसायटीच्या डेकमधून राहून गेलेली स्लाइड, नावही त्यांचंच. पीएमसीला कळवा, विसरून जा.

चौथा प्रकार आपल्या डेकमध्ये नाही पण ऑफिसच्या डेकमध्ये हमखास असतो: वेळ कमी म्हणून हाइड केलेली, अगदी निरुपद्रवी स्लाइड. तिला बॅकअपसारखंच वागवा, म्हणजे पुढची पायरी.

पायरी ४: न दाखवलेली बॅकअप स्लाइड मुख्य स्लाइडचा अर्थ बदलते का

इथे जरा थांबा, कारण 'दाखवली नाही म्हणजे सोडली' हा नियम इथे तोकडा पडतो.

आपल्या डेकमध्ये स्लाइड ११ वर मोठ्या अक्षरात आहे: भाडं दरमहा २८,००० रुपये, ताबा मिळेपर्यंत. सगळ्यांनी पाहिली, टाळ्या वगैरे. बॅकअपमध्ये २८ नंबरला भाड्याचा हिशोब आहे आणि त्याखाली बारीक ओळ: भाडं ३६ महिने धरलं आहे, त्यापुढे विलंब झाल्यास दर करारात ठरेल. ही स्लाइड कुणी विचारली नाही, दाखवली नाही. पण 'ताबा मिळेपर्यंत २८,०००' आणि '३६ महिने २८,०००, पुढचं ठरायचं आहे' ही दोन वेगळी वचनं आहेत. अमेरिकेतला मुलगा समरी वाचून आईवडिलांचं भाड्याचं गणित मांडणार, त्याला नुसतं ११ दिलं तर त्याचं गणित चुकणार.

अशा स्लाइड्स शोधायला आख्खं बॅकअप वाचून मुद्दे काढू नका. उलट बाजूने या. आधी मुख्य भागातून समरीत जाणारी वाक्यं लिहा, पाच-सहा असतात, आणि मग प्रत्येक वाक्य हातात घेऊन बॅकअपमध्ये बघा की याला मुदत, मर्यादा, 'अमुक धरून' किंवा वेगळा आकडा कुठे आहे का. मुख्य स्लाइडवर तळाला 'तपशील स्लाइड २८' असं असेल किंवा आकड्यावर लिंक असेल तर काम सोपं. नसेल तर शब्द शोधा: 'भाडं', 'महिने', 'अंदाजे', 'अटी', 'गृहीत'. स्पीकर नोट्सही एकदा चाळा, पण नोट्समधलं काही समरीत घेऊ नका, ते बोलणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेलं असतं आणि ते तो बोललाच असं नाही.

सापडली अट, आता ती घालायची कशी? मुख्य मुद्द्याच्या शेजारीच, पण लेबल लावून. शेवटी 'इतर माहिती' मध्ये टाकली तर कुणी वाचत नाही. आणि विरोधाभास तुम्ही सोडवायचा नाही. 'म्हणजे भाडं ३६ महिनेच मिळणार' असं लिहिलंत तर तो तुमचा निष्कर्ष झाला, पीएमसी असं म्हणालेलाच नाही. पाठवण्याआधी पीएमसीला विचारा, उत्तर आलं तर ते तारखेसकट लिहा, नाही आलं तर 'विचारलं आहे' एवढं लिहा.

बाकीच्या बॅकअप स्लाइड्स, म्हणजे एफएसआयचा हिशोब, रस्त्याची रुंदी, टीडीआर, पीएमसीची जुनी कामं, यांतून मुख्य वाक्य बदलत नसेल तर एका ओळीत विषय सांगा आणि पुढे चला. रस्त्याच्या रुंदीवर किती बांधकाम मिळणार हे ठरतं म्हणून ती स्लाइड मला स्वतःला फार आवडते, पण माझ्या आवडीने समरी लांबवणं काकूंवर अन्याय आहे.

पायरी ५: लिहिताना तीन लेबलं

मी तीनच वापरतो, जास्त केली की वाचणारा वैतागतो: 'दाखवलं', 'प्रश्नावर दाखवलं', 'फाइलमध्ये आहे, दाखवलं नाही'. आपल्या केसची समरी साधारण अशी दिसेल:

*जादा कार्पेट: दुसऱ्या ऑफरमध्ये १८ टक्के, म्हणजे ४५० फुटांच्या फ्लॅटला ८१ फूट. (दाखवलं, स्लाइड १०)*

*भाडं: दरमहा २८,०००, ताबा मिळेपर्यंत. (दाखवलं, स्लाइड ११) याच भाड्याच्या हिशोबात ३६ महिने धरले आहेत आणि पुढे विलंब झाल्यास दर करारात ठरेल असं लिहिलं आहे. (फाइलमध्ये आहे, दाखवलं नाही, स्लाइड २८) दोन्हींचा मेळ कसा, हे पीएमसीला विचारलं आहे.*

*घरं रिकामी करणं: परवानग्या आल्यानंतर तीन महिन्यांची नोटीस. (प्रश्नावर दाखवलं, स्लाइड २०)*

*पार्किंग: प्रत्येक फ्लॅटला एक, मेकॅनिकल. (प्रश्नावर दाखवलं, स्लाइड २६) देखभाल पहिली दोन वर्षं बिल्डर करेल असं तोंडी सांगितलं, स्लाइडवर नाही.*

*बॅकअपमध्ये याशिवाय एफएसआय, रस्ता, टीडीआर आणि पीएमसीच्या जुन्या कामांची माहिती आहे, त्यावर चर्चा झाली नाही. तीन स्लाइड्स हाइड केलेल्या होत्या आणि दाखवल्या नाहीत, त्यांचा मजकूर इथे घेतलेला नाही. त्याबद्दल काही विचारायचं असल्यास सेक्रेटरींशी बोलावं.*

हाइड केलेल्या स्लाइड्सबद्दलचं वाक्य अनेकांना नको वाटतं, उगाच संशय कशाला. पण नंबर ८ वरून १० वर उडी मारतो हे वाचणाऱ्याला दिसतंच, आणि आपणहून सांगितलं नाही तर जिन्यात त्याची गोष्ट होते. काय आहे ते सांगायचं नाही, पण आहे हे लपवायचं नाही, एवढी रेघ मला योग्य वाटते.

पायरी ६: सोबत फाइल जोडताना

मूळ फाइलची कॉपी करा. कॉपीत २० अनहाइड करा कारण ती सगळ्यांनी पाहिली आहे. ९, १४, २९ हाइडच राहू द्या, डिलीट करू नका, कारण डिलीट केल्या की पुढचे सगळे नंबर सरकतात आणि समरीतलं 'स्लाइड २६' भलतीकडे जातं. हाइड ठेवून पीडीएफ केलं तर कोपऱ्यात छापलेले नंबर मूळचेच राहतात. File, Export, Create PDF/XPS, तिथे Options उघडून `Include hidden slides` ची टिक काढा. प्रिंट काढून वाटणार असाल तर प्रिंटच्या सेटिंगमध्ये `Print hidden slides` वेगळं असतं, तेही बघा. गुगल स्लाइड्समध्ये प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये `Include skipped slides` आहे.

३१ मधून तीन गेल्या, म्हणजे पीडीएफ २८ पानांचं यायला हवं. ३१ पानं आली तर टिक राहिली आहे, २७ आली तर २० अनहाइड करायची राहिली. आणि पानाचा नंबर आणि स्लाइडचा नंबर आता वेगळे आहेत, स्लाइड २६ ही पीडीएफचं २४ वं पान आहे, म्हणून समरीच्या वर एक ओळ टाका की नंबर स्लाइडच्या कोपऱ्यातले धरावेत. मोबाइलवर वाचणारे लोक पानाचा नंबर बघतात आणि 'इथे पार्किंग नाहीये' म्हणून फोन करतात.

पीएमसीचं भाड्याबद्दलचं उत्तर नंतर आलं तर जुनी समरी गुपचूप बदलून पाठवू नका, त्याच ग्रुपवर दोन ओळींचा वेगळा मेसेज टाका, तारीख आणि 'स्लाइड ११ व २८ बद्दल' असं सुरुवातीला लिहून, आणि काकू ग्रुप बघत नसतील तर त्यांना फोन करा.